दादाची हरवलेली तहान

माझा मोठा भाऊ पाचाडजवळच्या आमच्या गावी भातशेती करतो. मी महाडच्या कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर मेंदूची आकृती काढून मी दर वर्षी सांगायचे की रक्तातलं पाणी कमी होऊन ते जरासं खारट झालं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशींना ते कळतं. त्यांना ऑस्मोरिसेप्टर म्हणतात. त्या एकाच वेळी दोन कामं करतात. एक म्हणजे आपल्याला तहान लावतात, आणि दुसरं म्हणजे पियुषिका ग्रंथीतून एडीएच नावाचं संप्रेरक सोडवतात. एडीएच मूत्रपिंडाला सांगतं, पाणी बाहेर टाकू नकोस, परत रक्तात घे. मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत तसंच्या तसं लिहायची, आणि मी मार्क द्यायचे. तो धडा माझ्याच घरात येऊन राहील असं काही मला वाटलं नव्हतं.

दादाच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली. मुंबईला तातडीने ऑपरेशन झालं आणि तो वाचला. हातपाय चालत होते, बोलणं स्वच्छ होतं, आम्हा सगळ्यांना ओळखत होता. पण लघवी मात्र थांबेना. पाण्यासारखी, रंग नसलेली लघवी, दिवसभर. आणि इतकं पाणी अंगातून जात असताना दादाने एकदाही प्यायला पाणी मागितलं नाही. ओठ फुटले होते, जीभ चामड्यासारखी झाली होती, पण उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे तो बघतही नव्हता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि वहिनीला बसवून समजावलं. जी रक्तवाहिनी फुटली तिच्याच बारीक फांद्या त्या पेशींना रक्त पुरवतात. त्या पेशी गेल्या. ग्रंथी शाबूत आहे, पण तिला खबर देणारं कोणी उरलं नाही. एडीएचसारखं काम करणारं औषध गोळीतून देता येतं. तहान मात्र कुठल्याच गोळीत मिळत नाही.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाहेर आल्यावर विचारलं, "वन्सं, तहानच नाय म्हंजी काय? माणूस हाय ना त्यो?"

"आहे ना. पण पाणी कमी झालंय हे त्याला आतून कळणार नाही. आणि पुरे झालं हेही कळणार नाही."

"मंग कोनाला कळनार?"

"आपल्याला."

वहिनीने पदर खोचला. मग म्हणाली, "बरं. ते कसं कळून घ्यायचं तेवढं सांगा."

सांगायला सोपं होतं. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी, दादाने वजनकाट्यावर उभं राहायचं. त्याचं बरोबरचं वजन एकसष्ट किलो. एका दिवसात माणसाचं मांस वाढत नाही की झडत नाही, त्यामुळे जे कमीजास्त होतं ते पाणीच. एक किलो कमी भरलं तर रोजच्यापेक्षा एक लिटर जास्त प्यायचं, जास्त भरलं तर त्या मानाने कमी. गोळी सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी. अधूनमधून महाडला येऊन रक्तातलं सोडियम, म्हणजे रक्ताचा खारटपणा, तपासायचं. मी एक काटा विकत घेऊन दिला, तो वहिनीने पडवीत सपाट फरशीवर ठेवला.

पहिल्या उन्हाळ्यातच आम्ही चुकलो. शेतात राब भाजायचे, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायचे दिवस होते. दादाला बरं वाटत होतं, म्हणून तो पहाटेच निघून जायचा आणि काटा राहून जायचा. जाळाजवळ आणि उन्हात घाम गाळत तो दिवसचे दिवस राबला. कुणालाही अशा वेळी तहानेने जीव नकोसा होतो, पण दादाला काहीच होत नव्हतं. मग एका दुपारी तो बांधावर बसला तो उठेचना. विचारलेल्याचं उत्तर भलतंच देऊ लागला, चिडला, आणि डोळे मिटून पडून राहिला. जीप करून महाडला आणला तेव्हा सोडियम फार चढलेलं होतं. आमच्या डॉक्टरांनी ते घाई न करता, बेताबेताने पाणी देत खाली आणलं. दादा उठून बसला. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या नात्यागोत्यात एक गोष्ट पक्की झाली: याला पाणी पाजत राहायचं.

ती गोष्ट अर्धीच खरी होती, आणि गेल्या मे महिन्यात तिनेच घोटाळा केला.

वहिनीच्या भावाने पोलादपूरला नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. दादा-वहिनी आदल्या दिवशीच पोचले होते आणि मी कार्याच्या दिवशी सकाळी गेले. काटा गावीच राहिला होता. वहिनीला त्याची आठवण झाली होती, पण एका दिवसाचा तर प्रश्न, असं वाटून तिने तो आणला नाही. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

उकाडा भयंकर होता. इतक्या मोठ्या आजारातून उठलेला जावई आला म्हटल्यावर प्रत्येकाने त्याला पाणी पाजायचं मनावर घेतलं. कुणी कोकम सरबत दिलं, कुणी ताक, कुणी नुसतं माठातलं पाणी. आदल्या दिवशी तर त्याला शेजारची चार घरं फिरवून आणलं होतं. दादा मुळात भिडस्त. पुढे केलेला पेला परत करणं त्याला जमत नाही. तुम्हाआम्हाला दोन-तीन पेल्यांनंतर पाणी नकोसं होतं, घशाखाली उतरत नाही. दादाच्या आत तो नकारही उरलेला नाही. शिवाय गोळीचा अंमल चालू होता, म्हणजे मूत्रपिंडाला सतत हुकूम होता की पाणी धरून ठेव. तुमच्या-माझ्या शरीरात जास्त पाणी झालं की एडीएच सुटायचं थांबतं आणि जादा पाणी वाहून जातं. गोळीला हे कळत नाही.

जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, "डोकं लय दुखतंय गो." थोड्याच वेळात त्याला उलटी झाली. मग तो खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिला आणि त्याने मला आमच्या आत्याच्या नावाने हाक मारली. आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

वहिनीचा भाऊ धावतच साखर-मिठाच्या पाण्याचं भांडं घेऊन आला. "त्या वेळी झालं व्हतं तसंच हाय. पानी कमी पडलं. पाजा, पाजा."

सगळ्यांना तेच वाटत होतं. मलाही क्षणभर वाटलं. बरळणं तसंच, सुस्ती तशीच. मी दादाच्या जवळ गेले आणि त्याला जीभ दाखवायला सांगितली. ती ओली होती. मी वहिनीला विचारलं, "सकाळपासून लघवीला किती वेळा गेला?"

वहिनीने आठवून पाहिलं. "सकाळच्यान येकदाच. ती बी थोडकी."

मी भांड्यावर हात ठेवला. "थांबा. याला आता एक घोटही द्यायचा नाही."

"अवो ताई, उन्हानं मानूस जाईल त्यो," वहिनीचा भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि त्यात राग नव्हता, भीती होती.

"कमी पडलं असेल तर द्यायचंच आहे. पण आधी वजन करू. इथे काटा कुठे आहे?"

गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, तिथे तांदळाची पोती तोलायचा काटा होता. दोघांनी दादाला धरून नेलं. आधी मी स्वतः उभी राहिले, कारण माझं वजन मला ठाऊक होतं आणि काटा खरा आहे की नाही ते बघायचं होतं. खरा होता. मग दादाला उभा केला. पासष्टच्या वर आकडा गेला.

वहिनीने तो आकडा वाचला. एवढी वर्षं ती रोज सकाळी हेच काम करत आली होती, तिला काही सांगावं लागलं नाही. ती भावाकडे वळून म्हणाली, "चार किलो पानी जास्ती हाय त्येच्या अंगात. ते भांडं आत ठेव. गाडी काढ."

महाडच्या वाटेवर मी पुढे बसून डॉक्टरांना फोन लावला. वजन सांगितलं, शेवटची गोळी कधी घेतली ते सांगितलं. ते म्हणाले, "पाणी बंद ठेवलंत ते फार बरं केलंत. संध्याकाळची गोळीही देऊ नका, आधी इकडे या." मागच्या सीटवर वहिनीने दादाचं डोकं खांद्यावर घेतलं होतं आणि ती त्याच्याशी सारखी बोलत होती, त्याला जागं ठेवत होती.

सोडियम बरंच खाली गेलं होतं. अंगात पाणी वाढलं की रक्त पातळ होतं, पेशींमध्ये पाणी शिरतं, आणि मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलटी, भ्रम हे सगळं त्याचं. डॉक्टरांनी कडक मिठाचं सलाइन अगदी थोडं दिलं आणि गोळी लांबवली. गोळीचा अंमल उतरला तशी लघवी सुरू झाली. आता ती फार जोरात सुटून सोडियम एकदम वर उसळू नये, म्हणून ते पुन्हापुन्हा रक्त तपासत होते, आणि योग्य वेळी त्यांनी गोळीचा एक लहान तुकडा परत सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने डोळे उघडले, वहिनीला ओळखलं, आणि विचारलं, "जेवनाला बासुंदी व्हती ना गो? मला दिली का?"

वहिनी हसली, मग पदराने डोळे पुसत बसली.

दादाला घरी सोडायच्या आधी मी त्याच्याजवळ बसले होते. खिडकीतून बस स्टँडकडची वर्दळ दिसत होती. तो म्हणाला, "तुला म्हाईत हाय का, मला काय आठवतं? नांगर सोडून घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावायचो, त्ये आठवतं. गार पानी छातीत उतरायचं. आता पानी पितो, पन त्ये काय लागत नाय. औषध घेतल्यासारखं वाटतं."

बारावीच्या पुस्तकात याबद्दल ओळ नाही.

वहिनी पिशवी भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नाय लागत तर नाय लागू दे. भात पिकवाया तहान लागत नाय, पानी लागतं. आन पानी किती, ते मला कळतं. चला, उभं ऱ्हावा, चपला घाला."

दादा उभा राहिला. त्या वर्षीची लावणी त्याने स्वतः केली. आता कुणाकडे कार्याला जायचं झालं, की पुढे आलेल्या पेल्याला वहिनी सरळ सांगते, "त्यांना नगं, मला द्या." आणि दादाच्या वाटचं सरबत ती स्वतः पिऊन टाकते.