उजेडाचा कॉरिडॉर

पंधरा वर्षं मी टीव्ही मालिकांना आवाज लावले. सासूने मान वळवली की वीज कडाडणार, सुनेने डोळे पुसले की बासरी. त्या कामाचा कंटाळा आला म्हणून नवी मुंबईत महापेच्या एका छोट्या गेम कंपनीत आले, तर इथे पहिलंच काम मिळालं ते माणसांना घाबरवायचं. मी म्हटलं, हे तर माझ्या डाव्या हाताचं. तेवढ्या एका वाक्याची मला पुढे फार लाज वाटली.

गेम भुताचा होता. त्यात एका बंद पडलेल्या सरकारी रुग्णालयाचा लांबलचक कॉरिडॉर होता आणि तो बांधला होता आमच्याकडच्या तळवली गावच्या मुलीने. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिच्या घरच्यांची शेती केव्हाच गेली, जागेवर चाळी आणि गाळे उभे राहिले. ही मात्र दिवसभर स्क्रीनवर भिंती उभारत बसायची. सात महिने तिने त्या कॉरिडॉरवर घालवले होते. एका बाजूला ओळीने खिडक्या, त्यांतून येणारं दुपारचं पिवळं ऊन, फरशीवर गजांच्या सावल्या. भुताच्या गेममध्ये ऊन! सगळे हसले होते. ती म्हणाली होती, "अंधारात कोन पन घाबरतो. उजेडात घाबरला पायजे." मला ते पटलं होतं, हेही सांगून टाकते.

आवाज माझा. मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून एक लांब हुंकार रेकॉर्ड केला, तो ताणून ताणून खाली आणला. तो झाला माझा ड्रोन, म्हणजे न थांबणारा खर्ज. त्याच्या तीन प्रती केल्या. एक जागेवर ठेवली, एक केसभर खाली उतरवली, एक केसभर वर चढवली. असे जवळजवळचे सूर एकत्र वाजले की ते एकमेकांना छेदतात आणि आवाज आपोआप फुगतो, ओसरतो, फुगतो. लाट येते. त्यावर मी अकरा बारीकसारीक आवाज पेरले: कडी सरकली, स्टूल ओढलं, ओलं फडकं पडलं, असले. ऑफिसातल्या माझ्या खोलीत स्पीकरवर लावलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. ती लाट कधी लवकर येई, कधी उशिरा, कधी येता येता थांबे. मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

मग बुधवारी चाचणी झाली. आमच्या प्रोड्यूसरची पद्धत अशी, की गेमशी संबंध नसलेली पाच माणसं आणायची, मीटिंगच्या खोलीत एकेकाला कान झाकणारे हेडफोन घालून बसवायचं आणि कॅमेऱ्यातून तोंडं बघायची. घाबरलेला माणूस पळायचं बटण सोडतो, थबकतो, मागे वळून बघतो. आमच्या पाचांपैकी एकानेही बटण सोडलं नाही. तुरुतुरु पळत दार गाठलं. एक काका तर मध्येच जांभई देऊन म्हणाले, "पुढे काही आहे का हो?"

माझं डोकंच फिरलं. मीटिंगमध्ये प्रोड्यूसरने विचारलं, नक्की बिघडलंय कुठे? आणि मी, कुणी तोंड उघडायच्या आत, ठणकावून सांगितलं, "आवाज बरोबर आहे. मी हजारदा ऐकलाय. कॉरिडॉरमध्ये उजेडच इतकाय की घाबरणार कोण? आणि केवढा लांब!"

प्रोड्यूसर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माझ्या अनुभवाला मान देणारा. त्याने लगेच त्या मुलीला सांगितलं, खिडक्या काढून टाक, लांबी निम्मी कर, सोमवारी पुन्हा चाचणी. तेव्हाही जमलं नाही तर कॉरिडॉर कायमचा उडवायचा आणि तिथे नुसतं एक दार ठेवायचं. ती "चालेल," म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी दुपारी आमच्या पट्ट्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवतात, तशी गेली. कॉम्प्युटर आणि स्पीकर बॅटरीवर चालू राहिले, एसी तेवढे बंद पडले. मी तेव्हा कॉरिडॉरचाच आवाज लावून बसले होते, मी कशी बरोबर आहे हे स्वतःला पटवत. आणि एसी थांबला त्या क्षणी माझी लाट मेली.

मेली म्हणजे पार मेली. ड्रोन वाजत होता, पण सपाट. त्याचं फुगणं-ओसरणं होतं, पण मोजून मापून, ठरल्या वेळी, छताच्या पंख्याने कुरकुरावं तसं. दहा सेकंदांत कान त्याला सरावला आणि मला तो ऐकूही येईना. मी आवाज वाढवला. पुन्हा तेच. भिंतीपलीकडे एसीचं बाहेरचं यंत्र होतं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, तिच्यावर चालणारी असली यंत्रं बहुतेक दुप्पट, म्हणजे शंभरच्या आसपास गुणगुणतात. मी फाईल उघडून पाहिलं. माझ्या ड्रोनचा मुख्य सूर शंभराला अगदी खेटून होता.

अरे देवा! म्हणजे ज्या लाटेने माझ्या अंगावर काटा आला होता ती माझी नव्हतीच. ती माझ्या ड्रोनची आणि एसीची मिळून होती. विजेचा तो पन्नासचा आकडा दिवसभर थोडा थोडा वरखाली होत असतो, त्याबरोबर एसीचं गुणगुणणं हलायचं आणि म्हणून ती लाट कधीच एका चालीत यायची नाही. हेडफोनवर मी तपासलं होतं, पण माझे हेडफोन पाठीमागून उघडे, बाहेरचं सगळं आत येणारे. चाचणीतल्या माणसांच्या कानात मात्र नुसता माझा सपाट ड्रोन गेला होता, आणि त्यावर दर पंधरा सेकंदांनी एक आवाज. दुसऱ्या आवाजालाच माणूस ओळखतो की आता तिसरा येणार.

कॉरिडॉरचा काही दोष नव्हता. उजेडाचा तर मुळीच नव्हता.

मी उठून तिच्या टेबलापर्यंत गेलेसुद्धा. ती मान खाली घालून खिडक्या काढत होती. एक खिडकी निवडायची, पुसायची, भिंत नीट करायची, मग पुढची. तिने वर पाहिलं. "काय ताई?" मी म्हटलं, "काही नाही गं, पाणी प्यायला आले." आणि पाणी पिऊन परत आले. असा भ्याडपणा मी आयुष्यात फार कमी वेळा केला असेल. मी मनाशी म्हटलं, आधी आवाज तर दुरुस्त करू, मग बघू.

दुरुस्ती दोन तासांची निघाली. ड्रोनच्या दोन प्रती मी मोकळ्या सोडल्या: सूर अगदी हळूहळू, आपापल्या मर्जीने भरकटेल, केसभर वर, केसभर खाली, दोघी एकमेकींशी कधीही जुळवून न घेता. तिघींची लांबी वेगवेगळी ठेवली, म्हणजे तेच ते पुन्हा कानावर येणार नाही. अकरा आवाजांतले आठ फेकून दिले. उरलेले तीन कधी वीस सेकंदांनी, कधी सव्वा मिनिटाने, आणि नेहमी पाठीमागून किंवा बाजूने. शिवाय कॉरिडॉरच्या मध्यावर एके ठिकाणी ड्रोन अर्ध्या सेकंदात पूर्ण बंद केला. एसी थांबला की मगच कळतं ना, की इतका वेळ तो चालू होता. ते मी त्या दुपारीच शिकले होते. फाईल वर चढवताना बदलाची नोंद करावी लागते. मी लिहिलं: थोडं पॉलिश.

सोमवारी सहा जण होते. काळोखा, आखूड कॉरिडॉर आणि माझा नवा आवाज. पहिल्याने थबकून मागे पाहिलं. दुसरीने बटण सोडलं. पाच जण झाले आणि पाचही अडखळले. प्रोड्यूसर खुर्चीतून उठला. "ताई, मानलं तुम्हाला! उजेडच नडत होता. खिडक्यांची फाईल आता काढूनच टाकू." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ती मुलगी एकटी स्क्रीनकडे बघत होती.

गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण सगळ्या टीमसमोर मी तिच्यावर ढकललं होतं आणि आता त्याच टीमसमोर शाबासकी घेत होते.

"थांब," मी म्हटलं. "उजेड नव्हता नडत. चूक माझी होती." मग सगळं सांगितलं. एसी, हेडफोन, सपाट ड्रोन. "एक माणूस शिल्लक आहे ना? त्याला तिचा जुना कॉरिडॉर दे. खिडक्यांसकट, पूर्ण लांबीचा. माझा नवा आवाज लाव."

"आणि नाही चाललं तर?" प्रोड्यूसरने विचारलं.

"तर काढून टाक. पण ऐकल्याशिवाय नको."

शेवटच्या बाई बेलापूरच्या एका कचेरीतल्या कारकून होत्या. गेम त्यांनी जन्मात खेळला नव्हता. पिवळं ऊन आलं, गजांच्या सावल्या आल्या आणि त्या सरळ पळत सुटल्या. पहिली खिडकी, दुसरी, पाचवी. बटण दाबलेलंच. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. दहाव्या खिडकीपाशी ड्रोन थांबला.

बाई थांबल्या. उन्हात, काहीही नसलेल्या कॉरिडॉरमध्ये, तशाच उभ्या राहिल्या. किती तरी वेळ. मग एक हेडफोन कानावरून जरा बाजूला करून आम्हाला म्हणाल्या, "अहो, इथे कुणी नाहीये ना? मग मला पुढे का जाववत नाहीये?"

प्रोड्यूसर वहीत लिहू लागला. खिडक्या राहिल्या, कॉरिडॉरची लांबीही राहिली. माणसं पांगली, टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत. मी तिच्या टेबलाशी गेले. मला वाटलं होतं ती हसेल, निदान बरं वाटल्यासारखं काही म्हणेल.

तिने बदलांची यादी उघडून ठेवली होती. माझ्या नावापुढच्या ओळीवर बोट ठेवून ती शांतपणे म्हणाली, "ताई, ही फाईल शुक्रवारची हाय. म्हंजे तुमाला शुक्रवारीच कळलं होतं."

"हो," मी म्हटलं.

"शनिवार-रविवार मी हितंच बसून खिडक्या काढत होते," ती म्हणाली. "रविवारी माज्या भावाचा साखरपुडा होता."