‘बघते’ म्हणजे नाही

शुक्रवार, ९ मार्च. न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर बदलून घेतला. दुपारी पडदे धुतले, संध्याकाळपर्यंत वाळले. भाचीला ऑफिसातून निरोप, उद्या अकरा वाजता जादा बैठक. तिला जाणं शक्य नाही. ‘बघते’ असं कळव म्हणून मी सुचवलं.

ही नोंद मी नंतर कितीतरी वेळा वाचली. शेवटचं वाक्य तर खोडरबराने पुसावंसं वाटलं, पण मी शाईने लिहिते.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय सेहेचाळीस, लग्न केलं नाही, बारा वर्षं माझ्याजवळ राहते. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं पातळ पत्रक असतं ना, जे आपण न वाचता फेकतो, ते छापण्याआधी ती वाचते. दिवसातून दोन की दोनदा दोन, जेवणाआधी की जेवणानंतर, सगळं ती लाल पेनाने तपासते. ऑफिसात तिला ‘स्वल्पविराम’ म्हणतात. एकदा जेवताना मीच म्हणाले, ‘‘स्वल्पविराम, भाजी घे.’’ तर म्हणाली, ‘‘मावशी, हाकेनंतर तू जरा थांबलीस, ते बरोबर केलंस.’’

तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, वृद्धाश्रमात असतात. त्यांना आता फारसं काही आठवत नाही. भेटायची वेळ शनिवारी दहा ते बारा. भाची जाते आणि त्यांची दाढी करते. दुसऱ्या कोणाला ते गालाला हात लावू देत नाहीत, तोंड फिरवतात. तिने ब्रश फेसात बुडवला की मात्र आपणहून हनुवटी वर करतात. ती कोण हे त्यांना नक्की कळत नसावं, पण हनुवटीला कळतं, असं ती म्हणते. एक शनिवार चुकला की पुढच्या शनिवारपर्यंत ते दाढीखाली खाजवून कातडी सोलून काढतात.

म्हणून त्या शुक्रवारी ती फोन हातात धरून बसली होती.

‘‘सरळ लिहिते, मला जमणार नाही.’’

‘‘असं तोडून लिहू नये गं,’’ मी म्हटलं. ‘‘पोस्ट भरायची आहे ना विभागप्रमुखाची? कामचुकार वाटशील. ‘बघते’ लिही. समजणारा समजतो.’’

आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, नकार द्यायचा तो समोरच्याला न दुखवता. मी त्यातला दुखवू नये एवढाच भाग आयुष्यभर लक्षात ठेवला. ह्यांच्या नातेवाइकांना, शेजारणींना, सोसायटीच्या सेक्रेटरीला, सगळ्यांना ‘बघते’. भाचीने माझं ऐकलं आणि तसंच लिहून पाठवलं.

शनिवारी साडेअकराला घरचा फोन वाजला. तिचा मोबाइल वृद्धाश्रमाच्या दारातल्या खणात जमा होता, म्हणून तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमनी इथे केला.

‘‘त्या निघाल्यात का? चौघंजण थांबलेत. ग्राहक कंपनीचा माणूसही येऊन बसलाय. लाल खुणांची प्रत त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि ड्रॉवरला कुलूप.’’

ती वडिलांकडे गेलीय, दर शनिवारी जाते, एवढं सांगायला काय हरकत होती? पण चौघं थांबलेत हे ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘तिला ताप आहे हो. झोपलीय.’’

‘‘अरेरे. मग राहू दे. काळजी घ्या म्हणावं,’’ मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला रिसीव्हर ठेवताना चटका बसल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं : मॅडमचा फोन आला. भाची येऊ शकत नाही असं कळवलं.

बावन्न वर्षं रोज लिहिते. दुधात पाणी असलं तरी तारीख घालून नोंदते. पण ताप लिहिला नाही. भाचीलाही सांगितला नाही. ‘‘फोन आला होता, मी सांगितलं,’’ एवढंच म्हणाले. तिला वाटलं, खरं तेच सांगितलं असणार.

सोमवारी ऑफिसच्या दारातच मॅडमनी विचारलं, ‘‘ताप उतरला का?’’

भाची सांगते, तिला क्षणभर कळेचना. मग कळलं. ताप नव्हता म्हणावं तर मावशी खोटी, होता म्हणावं तर आपण खोट्या. ती म्हणाली, ‘‘हो, उतरला.’’ दिवसभर एकच पत्रक पुढ्यात घेऊन बसली आणि त्यात ‘ताप आल्यास’ हे शब्द सात वेळा होते.

घरी येऊन ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, ‘‘मावशी, दुसऱ्याचा शब्द मी खोडते तेव्हा समासात सही करते. तू माझा शब्द मला न सांगता खोडलास.’’



मंगळवारी ती स्वतः मॅडमच्या केबिनमध्ये गेली. ताप नव्हता, मावशीने घाबरून सांगितलं, मी काल निस्तरलं नाही, शनिवारी बाबांकडे असते, सगळं सांगितलं.

‘‘मग ‘बघते’ का लिहिलंत? मी तुम्हाला येणाऱ्यांत धरलं.’’

‘‘आमच्या घरी ‘बघते’ म्हणजे नाही.’’

‘‘आमच्या घरी ‘बघते’ म्हणजे जमवते,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘शनिवारी आला नाहीत याचं काही नाही हो. येणार नाही हे कळलं असतं तर मी चौघांना बोलावलंच नसतं. पत्रकात असा शब्द असता तर तुम्ही चालवून घेतला असतात?’’

घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं. मॅडमचं शेवटचं वाक्य मलाच जास्त लागलं.

गुरुवारी, बावीस तारखेला, पुन्हा निरोप आला. नव्या सूचनांचा मजकूर ठरवायला शनिवारी अकराला बैठक. भाचीने उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. तिने मला का विचारावं, हे मला अजून कळलेलं नाही.

‘‘शनिवारी मला येता येणार नाही, घरची ठरलेली जबाबदारी आहे. हा मजकूर ठरताना मला तिथे असायचं आहे. सोमवारी सकाळी नऊला किंवा मंगळवारी साडेचारला तासभर बसता येईल का? बैठक शनिवारीच हवी असेल तर खुणांची प्रत आणि माझ्या तीन शंका शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या टेबलावर ठेवते.’’

‘‘‘माफ करा’ घालू का कुठे?’’ तिने विचारलं.

माझ्या जिभेवर ‘घाल’ आलं होतं. ‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘माफी मागायची ती मी.’’

ती हसली नाही, पण पाठवायचं बटण दाबलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं : मंगळवार साडेचार. ग्राहकालाही चालेल. शंका मात्र शुक्रवारीच द्या.

विभागप्रमुखाचं अजून ठरलेलं नाही. त्या सोमवारच्या ‘हो, उतरला’चं तिथे काय वजन धरलं जाईल, ते मला माहीत नाही, आणि विचारायचं तोंडही नाही.

मी कपाटातून वही काढली. दहा मार्चच्या पानावर समासात लिहिलं : ताप आहे असं सांगितलं, ते खोटं होतं. खाली सही केली. भाचीने तोवर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, ‘ती आत्ता घरी नाही. निरोप सांगते.’ फोन वाजला तर मी एवढंच वाचायचं.

गुरुवार, २२ मार्च. भिंतीत टाचणी शिरेना, म्हणून कणकेची खळ करून चिठ्ठी फोनच्या वर चिकटवली.