निराधार नसल्याचा अर्ज

शहापूरच्या तहसील कचेरीबाहेर मी बरीच वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिले. अर्ज कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये, असा माझा बाणा होता आणि अजूनही थोडा आहे. आमच्या धंद्याचं सूत्र एकच: अर्जदार जितका दीन, तितका अर्ज वजनदार. ज्याच्या घरावर पत्रे आहेत त्याचे गळके लिहायचे, ज्याचा मुलगा कमावतो त्याचा वेगळा राहतो असं लिहायचं. साहेब वाचतो, मान हलवतो आणि शिक्का मारतो.

म्हणून डोळखांबकडच्या आमच्या गावात माझ्या चुलतभावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, व्हिसाचं पत्र लिहून घ्यायला आली तेव्हा मी हसतच कागद पुढे ओढला. वहिनीची एकुलती एक मुलगी जर्मनीत नर्स आहे. तिचं पहिलं बाळंतपण एप्रिलात होणार होतं. जावयाची शिफ्टची नोकरी, तिथं दुसरं कुणी नाही. आईनं मार्चच्या मध्याला पोचावं आणि बाळानं जरा बाळसं धरल्यावर जूनमध्ये परत यावं, एवढाच बेत होता. व्हिसा मिळाला नाही, तर पोरीच्या उशाशी आईच नाही. वहिनीला त्या विचारानं जेवण गोड लागत नव्हतं, आणि हे ती स्पष्ट बोलूनही दाखवत होती.

बाकीची कागदं मुलीनं जमवली होती. तिथल्या सरकारी कार्यालयात जाऊन तिनं आईच्या खर्चाची हमी लिहून दिली होती आणि तो मूळ कागद कुरियरनं आला होता. प्रवासाचा विमा, तिकिटाचं बुकिंग, पासपोर्ट, सगळं पिशवीत होतं. राहिलं होतं ते सोबतचं पत्र: कशासाठी जाता, खर्च कोण करणार, आणि परत का याल.

मी इंग्रजीतही अर्ज लिहितो. ते इंग्रजी धोतर नेसून चालतं, पण चालतं. तासाभरात पत्र तयार झालं. वाचताना माझा मलाच हुंदका आला. अर्जदार गरीब विधवा आहे, पती वारले आहेत, घरी कुणी नाही, मुलीवाचून जगात तिला आधार नाही, तरी साहेबांनी दयाळूपणे विचार करावा.

वहिनीनं डोळे पुसले. "भावजी, अगदी मनातलं लिवलंत."

संध्याकाळी मोबाइलवर पत्र पाठवलं. पाच मिनिटांत पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. पोट सावरत ती खुर्चीत बसली होती आणि हसू तिला आवरत नव्हतं.

"काका, तुमी व्हिसा मागताय का निराधार पेन्शन?"

"का, काय चुकलं?"

"घरी कुणी नाय, आधार नाय, मुलगीच सगळं. मंग ही बाई परत कशाला जाईल? साहेब हाच विचार करणार. माझ्यासोबतच्या एकीच्या आईचा व्हिसा अशानंच नाकारला."

मला राग आला. इतक्या वर्षांत माझा अर्ज कुणी असा परत केला नव्हता. पण मी तिचं म्हणणं उलटसुलट करून पाहिलं आणि ते खरं निघालं. या साहेबाला दया नको होती. त्याला बाई खाऊनपिऊन सुखी हवी होती आणि तिच्या पायाला गावची माती चिकटलेली हवी होती. म्हणजे माझा सगळा धंदाच उलटा करायचा.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या ओटीवर बसलो. "वहिनी, तुमच्याकडं काय काय आहे ते सांगा. लाजू नका."

तिला हे फार जड गेलं. आमच्याकडे आहे ते सांगायची सवय नाही, दृष्ट लागते. खोदून खोदून काढावं लागलं. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, त्याचं कुटुंब निवृत्तिवेतन दर महिन्याला बँकेत येतं. वारसनोंद वेळेवर झाल्यामुळे सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. घर तिचं आहे, दोन म्हशी तिच्या आहेत. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, ग्रामपंचायतीचा ती स्वतः शेती करते असा दाखला, जे जे पत्रात लिहू त्याला मागे एक कागद, असं ठरलं.

"आनि सावड लिवा," वहिनी म्हणाली.

आमच्या पाड्यावर भाताची आवणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका एकीच्या शेतात लावणीला, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, पाळी फिरते. मागच्या वर्षी वहिनीचा हात मोडला होता, तेव्हा बायकांनी तिचं शेत लावून दिलं आणि ती बांधावर बसून चहा देत होती. यंदा तिला प्रत्येकीच्या शेतात उतरायचं होतं.

"वहिनी, त्या साहेबाला सावड काय कळणार? आणि तिचा कागद कुठून आणू?"

"कागुद नसंल तर नसू दे. खरं त्ये लिवा. मी आवणीला आले नाय तर कोन्च्या तोंडानं राहू गावात?"

मी कुरकुरत चार ओळी घातल्या. दयाळूपणे हा शब्द मात्र हाताला इतका बसला होता की तीनदा खोडावा लागला.

मुंबईच्या व्हिसा केंद्रात तिनं बोटांचे ठसे दिले, कागद दिले. तिथला माणूस फक्त कागद घेतो, निर्णय कॉन्सुलेट करतं. मग वाट पाहणं आलं. एका सकाळी वहिनी राबासाठी, म्हणजे भाताची रोपं टाकायची जमीन भाजायला, टहाळ तोडत होती आणि मी झाडाखाली बसून तिला सल्ले देत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॉन्सुलेटमधल्या बाई होत्या आणि मराठीत बोलत होत्या. वहिनीनं कोयता खाली ठेवला, डोईवरचा पदर नीट केला आणि फोन मोठ्या आवाजावर लावला.

"कशासाठी जाताय?"

"लेकीचं बाळंतपन हाय."

"खर्च कोण करणार?"

"लेक करनार. तिनं लिवून दिलंय. माजी पेन्शन बी हाय."

"आणि परत कशावरून याल?"

मी घाबरून हातवारे करू लागलो. वहिनीनं माझ्याकडे पाठ फिरवली.

"आता राबालाच आलेय बाय. हितं भाजायचं, मंग पेरायचं. जूनला नाय आले तर माजी आवनी कोन करंल? आनि बाकीच्या बायांची राहिलीय माज्यावर, ती कोन फेडंल?"

मग बाई म्हणाल्या, "ठीक आहे." एवढंच. पण त्यांच्या आवाजात हसू होतं, असं मी आजही पैजेवर सांगेन.

व्हिसा आला. मी पेढे घेऊन गेलो, वहिनीनं पासपोर्ट देवापुढे ठेवला आणि लेकीला फोन लावला. ती आनंदानं ओरडेल असं वाटलं होतं. ओरडलीही. मग तिचा सूर एकदम उतरला.

"काय झालं गो?" वहिनीनं विचारलं.

"काय नाय. ते पत्र मी काल परत वाचलं. मला वाटायचं, तू येशील, बाळ बघशील, मंग तुला करमायला लागंल. हळूहळू इथंच ठेवून घेईन तुला." "काकांनी पत्र लय चांगलं लिहिलंय. मलाच पटलं, तू राहणार नायस."

पेढ्याचा पुडा तसाच माझ्या हातात होता.

वहिनीनं फोन तोंडाजवळ नेला. "मी येते ना आता. तुज्याजवळच येते. मंग बाळ जरा मोटं झालं का तू ये आवनीला." आणि म्हणाली, "तुला हितं यायला कुनाला पत्र लिवून द्याय लागत नाय."