शेळीचे चार कान

धाराशिवच्या खोलीत आम्ही दोघंच गेम बनवतो. चित्रं माझी मैत्रीण काढते, कोड मी लिहितो. गेम शेळ्यांच्या शर्यतीचा. साध्या लॅपटॉपवर तो रखडायचा, म्हणून मी अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र मोठं करून दाखवायची युक्ती, बसवलं. प्रत्येक फ्रेम कमी रिझोल्यूशनवर काढायची, त्यातला कुठला बिंदू मागच्या फ्रेममध्ये कुठं होता हे मोशन व्हेक्टरनं सांगायचं, आणि तिथला जुना तपशील नव्यात मिसळायचा. शेळीचा केस न् केस दिसायला लागला. मी पूर्ण रिझोल्यूशनवर काढलेला स्क्रीनशॉट शेजारी ठेवला आणि विचारलं, "सांग, भारीतला कोणता?" तिला सांगता येईना. मी फुगलो.

तिनं गुपचूप शेळी पळवली. लांब कान हलले आणि दोनाचे चार झाले. कान हलवायचं कोड मी नंतर वेगळं जोडलं होतं. ती हालचाल मोशन व्हेक्टरमध्ये घालायचीच राहिली होती. त्यामुळं मागच्या फ्रेममधले कान तिथंच रेंगाळत होते.

"उभ्या शेळीवर लई मिजास करत होतास," ती म्हणाली.

मी भडकलो. "कान हलायलाच कशाला पाहिजेत? बंदच करतो!"

"कर की. पाय पण बंद कर. मग स्क्रीनशॉटचीच शर्यत लाव, तूच पहिला येशील."