तीन वाट्या मक्याचे दाणे

तळमजल्यावरच्या काकूंमुळे त्या दिवशी माझी अब्रू वाचली. मी बीडकडची, सातवीत शाळा सुटलेली. चंदनसारच्या आमच्या सोसायटीत मुलांना सिनेमा दाखवायचा ठरला आणि तीस मुलांचं पॉपकॉर्न बायकांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. कमी पडलं तर पुन्हा कोण काही सांगणार, म्हणून पोह्यांसारखे माणशी एक मूठ दाणे काढले, पातेलं अर्धं भरलं आणि गॅस पेटवायला गेले. तेवढ्यात काकू मीठ मागायला आल्या.

"अगो, एवढे दाने? पोरांना खायला देतेस का गाद्या भरतेस? एक वाटी दान्यांच्या पंचवीस वाट्या होतात."

मग त्यांनीच हिशेब सांगितला. मुलामागे दोन वाट्या, म्हणजे साठ. तीन वाट्या दाणे पुष्कळ, काही न फुटलेले धरून. तेही एका वेळी अर्धीच वाटी, म्हणजे फुलायला जागा राहते.

सगळ्यांना पुरलं, वर थोडं उरलंही. माझी चूक काकूंनी कुणाला सांगितली नाही. एका थंडीत त्यांना गावी नेऊन शेतात बसवून पोटभर हुरडा खाऊ घालणार आहे, हे नक्की.