गंजाची खालची कड

माझी बायको गेली त्याला आता पाच महिने झाले. मी तिच्यासोबतच्या गोष्टी एकेक करून लिहितो आहे. आज कागद पुढे घेतला आहे तो गंजाची गोष्ट लिहायला.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. आराखडे शाईत काढणे आणि गिऱ्हाइकाला दाखवायची रंगीत चित्रे करणे हे माझे काम. साहेब परदेशात शिकून आलेले. इथे त्यांच्या वाट्याला गोदामे आणि बंगले येत. एकदा सुताच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, नव्या पेढीची इमारत सांगितली आणि साहेबांनी ठरवले की तिचा दर्शनी भाग कॉर्टेनचा करायचा.

कॉर्टेन म्हणजे मुद्दाम गंजू द्यायचे पोलाद. साध्या लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा खाल्ले जाते. याचा गंज अंगाला घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. फक्त ते अधूनमधून भिजले पाहिजे आणि पुरते वाळले पाहिजे. रेल्वेच्या वाघिणींसाठी असे पत्रे बनतात, तिथून मिळवू, असे साहेब म्हणाले. मी ते कधी पाहिले नव्हते. साहेबांजवळ एका मासिकातला एक करडा फोटो होता. त्यावरून मला रंग काढायचा होता.

"अप्पांना गुरुवारी दाखवायचंय," साहेब म्हणाले. "चित्र बघून त्यांना पटलं तर पटलं. नाहीतर पुन्हा सिमेंटचा गिलावा. आयुष्यात एक तरी इमारत मला मनासारखी करू द्या हो."

मी बोर्डावर जाड कागद ताणून बसवला. तांबूस-तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, तो ओला असतानाच त्यात थोडा निळा सोडून काळपट डाग उमटवले, वाळल्यावर दातांच्या ब्रशने बारीक शिंतोडे उडवले. पोत चांगला आला. अडचण होती ती कडेची. पत्रा पाच मिलिमीटर जाड. आमच्या प्रमाणात तो केसाएवढाही होईना. कड दाखवली नाही तर भिंतीला तपकिरी कागद चिकटवल्यासारखे दिसे. जाड दाखवली तर पत्र्याचा डबा. शेवटी उजेडाच्या बाजूला एक फिकट रेघ आणि दोन पत्र्यांमधल्या फटीत गडद रेघ, एवढ्यावर भागवले. कोपऱ्यात एक मोठे रेखाचित्र केले. त्यात भिंतीपासून पत्रा दूर ठेवणारी नळी, तिच्यातून जाणारा बोल्ट, पत्रा तापून वाढला तर सरकायला लांबट भोक, मागून वारा खेळायला जागा, सगळे दाखवले. सोलापूरच्या उन्हात ते भोक लांबट नसते तर पत्रा फुगलाच असता.

मग ओघळ काढायला घेतले. गंज म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे जुनी पत्र्याची छपरे होती, म्हणून मी प्रत्येक बोल्टखाली एक ओघळ काढला, वर गडद, खाली विरत जाणारा. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे भंगारवाल्याचं दुकान झालं," एवढेच म्हणाले.

मी बोर्ड घरी नेला. आमच्या घरात तेलुगू चालायचे. इथे मी मराठीत सांगतो आहे, फक्त तिचे ‘एमंडी’, म्हणजे ‘अहो’, तेवढे तसेच ठेवतो. बायकोच्या माहेरी तिच्या वडिलांचा, अण्णांचा, सूत रंगवायचा कारखाना होता. ती दाराशी शेंगा सोलत बसली होती. बोर्ड भिंतीला टेकवला तशी ती मान तिरकी करून बघत राहिली.

"एमंडी, पाणी वरून येतं ना?" तिने विचारले.

"हो."

"मग खाली का नाही साचलं?"

मी म्हणालो, साचायला ती काय बादली आहे?

ती हसली. "एवढे शिकलात, पण ओली लड कधी बघितली नाही. बांबूवर सुताची लड टाकली की रंग हळूहळू खाली उतरतो. पाणी जिथून निघतं तिथे नाही, जिथे थांबतं तिथे गडद होतं. म्हणून तर आमचे अण्णा अर्धी वाळली की ओरडायचे, फिरवा, फिरवा! नाहीतर खालच्या टोकाला काळा पट्टा. तुमचा पत्रा कोण फिरवणार?"

मी बोर्ड पुढे ओढला. वरच्या कडेवरून पाणी पसरत उतरणार, फटीपाशी थांबणार. खालच्या कडेला थेंब लोंबकळत राहणार. तिथले लोखंड सगळ्यांत उशिरा वाळणार. म्हणजे बोल्ट महत्त्वाचा नाही, कड महत्त्वाची. मी भिजलेल्या स्पंजने जमतील तेवढे ओघळ उचलले, वरून लांब, कमीजास्त, अगदी फिके ओघळ सोडले आणि प्रत्येक पत्र्याच्या खालच्या कडेला गडद पट्टा धरला. चित्र एकदम खरे वाटू लागले.

"आणि ते थेंब?" ती म्हणाली. "पडतात कुठे?"

सर्वांत खाली इमारतीचे शहाबादी फरशीचे जोते होते. मी तिथे लालसर डाग काढला.

बुधवारी साहेबांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे पुसा. हे बघितलं की अप्पा उठून जातील."

"कागदात मुरलाय, साहेब. निघणार नाही." मग मी म्हणालो, "इमारतीवरही निघणार नाही."

ते खिडकीपाशी गेले, परत आले, पेन्सिल घेतली. पत्र्याची ओळ जोत्याच्या पुढे चार इंच आणली आणि खाली एक अरुंद चर काढून त्यात गोटे भरले. थेंब गोट्यांवर पडतील, फरशी वाचेल. मी जाड पोस्टर रंगाने त्या डागावरच गोटे रंगवले, त्यांना तांबूस झाक ठेवून. डागाला जागा मिळाली.

गुरुवारी अप्पा आले. चित्र पाहून आधी पोट धरून हसले.

"साहेब, ह्ये गंजल्यालं पत्रं हाय की! नव्या पेढीला जुनं पत्रं? गाव म्हनंल, अप्पाचं डोस्कं फिरलंय."

साहेब समजावू लागले. अप्पा ऐकत नव्हते, पण बोर्डाच्या जवळ मात्र गेले. खालच्या कडेवर त्यांचे बोट थांबले.

"ह्यो रंग खाली उतरलाय. लडीवानी." ते माझ्याकडे वळले. "ह्ये तुमी बगून काडलंय का मनानं?"

"बायकोनं सांगितलं," मी म्हणालो. "रंगाऱ्याच्या घरची आहे."

"मग खरं आसंल," अप्पा म्हणाले. "साहेब, आदी योकच पत्रा लावा, गोदामाच्या भितीला. तुमी म्हनताय तसा गंज धरला तर म्होरं बगू."

पत्रा आला, लागला. पण सोलापूरचा पाऊस तो केवढासा. दोन वर्षांनीही तो ठिपक्याठिपक्यांचाच होता, आणि अप्पांना पेढी उघडायची घाई. दर्शनी भाग गिलाव्याचा झाला. साहेब पुढे पुण्याला गेले. त्या बोर्डाविषयी ते कधी बोलले नाहीत, पण जाताना तो सोबत नेला.

गोदामावरचा पत्रा तसाच राहिला. त्या बाजूला गेलो की घरी आल्यावर बायको विचारायची, "झाली का कड काळी?" मी सांगायचो, अजून नाही, मग, थोडी, मग, डाव्या कोपऱ्यात. असे कितीतरी वर्षे चालले.

गेल्या आठवड्यात मुद्दाम गेलो. वरचा रंग आता गडद, एकसारखा झाला आहे. खालची कड बोटभर रुंदीत काळी आहे, डावीकडून उजवीकडे सबंध. मी बोट फिरवून पाहिले. गंज बोटाला लागला नाही. घरी येऊन चपला काढल्या आणि सवयीने तिला सांगायला तोंड उघडले.