हॉर्न वाजला की बाजूला

बँकेने माझी बदली जयपूरला केली आणि प्रताप नगरातल्या गल्लीने माझ्या मुलाला बॅटिंग शिकवली. दोन्ही बाजूंना उभ्या स्कूटी, मधून भाजीचा ठेला, कोचिंगला पळणारी पोरं, आणि उरलेल्या पट्टीत आम्ही बापलेक. बॉल प्लास्टिकचा, कारण शेजाऱ्यांच्या काचा खऱ्या होत्या.

पोराला क्रिकेट अकादमीच्या ट्रायलचं वेड लागलं होतं. प्लास्टिकचा बॉल हलका, टप्प्यानंतर रेंगाळतो. लेदरचा थेट अंगावर येतो. म्हणून मी बॉल ओला करून, बराच पुढे सरकून, जीव खाऊन टाकायचो. उचलून मारला की आऊट, हा गल्लीचा कायदा. त्यामुळे तो जमिनीलगत, सरळ खेळायला शिकला. दुसरा कायदा म्हणजे हॉर्न वाजला की बॅट्समन बाजूला, मग बॉलर धावत का येईना.

ट्रायलला नेटबाहेर पालकांची ही जत्रा! बोलायचं नाही, अशी सगळ्यांना सक्त ताकीद होती. आधीची पोरं बॉल नेटच्या छताला लावत होती आणि त्यांचे बाप माझ्याकडे बघत होते.

पहिला बॉल त्याच्या पॅडवर आदळला. दुसरा त्याने कसाबसा अडवला. तिसऱ्याला बॉलर धावत निघाला आणि मागच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न ठोकला. आमचा पठ्ठ्या टुणकन स्टंप सोडून बाजूला! मधला स्टंप उडाला.

"डर गया?" कोचनी विचारलं.

संपलं, मला वाटलं. बॉलला भिणाऱ्याला कोण घेणार? ओरडून खरं काय ते सांगावं, म्हणून माझी जीभ नुसती वळवळत होती.

"नहीं सर, हॉर्न बजा था. गली में हट जाते हैं," पोरगाच म्हणाला.

कोच पोट धरून हसले. मग गंभीर झाले, स्वतः बॉल घेतला आणि मुद्दाम छातीच्या उंचीवर आखूड टाकला. पोरगा हलला नाही. कोपर वर, हात सैल. बॉल त्याच्याच पायाशी पडला. पुढचा बॉल पुढे पडला आणि तो त्याने जमिनीलगत, कोचच्या बाजूने सरळ काढला.

"कल से आ जाना."

मी एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या बाई दचकल्या. देव पावला!

पॅड सोडताना पोराने विचारलं, "बाबा, मतलब आता तुम्हाला रोज बॉलिंग नाही करावी लागणार?"

"सुटलो रे बाबा," मी म्हणालो. खांदा तर महिनोन् महिने ठणकत होता, आणि तरी हे म्हणताना मजा आली नाही.

"पण रविवारी टाकाल?"

"टाकेन की!" मी इतक्या घाईने म्हणालो की त्यालाच हसू आलं.